पाठ टेकली नाही, तरी हार

मध्यंतरी चार दिवसांची रजा जोडून हुबळीला जाणं झालं. आमच्या गोव्याहून हुबळी तशी फार लांब नाही. अनमोडचा घाट चढला, रामनगर मागे पडलं की हवा बदलते, मातीचा रंग बदलतो आणि बसमधली कोंकणी हळूहळू कानडीत विरघळते. माझी मावसबहीण लग्नानंतर तिथेच देशपांडे नगरात राहते. संगीताची थोडीफार आवड असलेल्या माणसाला या भागात जायला वेगळं निमित्त लागत नाही. गंगूबाई हनगल यांचं 'गंगालहरी' हे घर इथेच, आणि सवाई गंधर्वांच्या नावाचं कलामंदिरही इथेच. तेव्हा याही वेळी काहीतरी गाण्याबद्दल लिहायला मिळेल अशा समजुतीने मी वही घेऊन गेलो होतो. परतलो ते मात्र ज्युदोच्या नियमांबद्दल टिपणं काढून. वाचकहो, आता त्याची हकीकत ऐका.

बहिणीची मुलगी चौदा वर्षांची आहे. तिघी मैत्रिणींबरोबर दोन वर्षांपूर्वी ज्युदोच्या वर्गाला जाऊ लागली आणि मैत्रिणी गळल्या तरी ही टिकली. मी पोचलो त्याच्या आदल्या दिवशी तिची शाळांशाळांमधली एक स्पर्धा झाली होती, आणि ती दुसऱ्याच फेरीत बाहेर पडली होती. घरात सुतकी शांतता. पोर खोलीचं दार लावून बसलेली, बहीण पंचांवर भडकलेली आणि बाहेर झोपाळ्यावर बहिणीचे सासरे, म्हणजे अप्पा, गंभीर चेहऱ्याने पान जमवत बसलेले.

अप्पा मूळचे निपाणीकडचे. तरुणपणी लाल मातीत घुमलेले, कानाच्या पाळ्या अजून त्याची साक्ष देतात. मी चहाचा कप घेऊन शेजारी बसलो तर त्यांनी थेट मुद्द्यालाच हात घातला.

"तुम्ही सरकारी माणूस, मला एवढं सांगा. पोरीची पाठ टेकली नाही. गुडघ्यावर आली, पण पाठ टेकली नाही. समोरच्या पोरीनं एक डाव मारला नाही. मग आमची हरली कशी?"

मला कुठलं उत्तर येणार? कला शाखेचा पदवीधर, त्यात अर्धं आयुष्य फायलींना नाडी बांधण्यात गेलेलं. पण प्रश्न मनात घर करून राहिला. बहिणीने ती लढत मोबाईलवर टिपली होती. ती मी त्या रात्री पाच-सहा वेळा पाहिली, दुसऱ्या दिवशी भाचीला बोलतं केलं, आणि मग जे जे मिळालं ते वाचत गेलो.

अप्पांचा प्रश्न कुस्तीच्या न्यायाने अगदी रास्त आहे. आपल्या मातीतल्या कुस्तीत निकाल एकच, चीतपट. खांदे मातीला लागले की संपलं. मग तो जोराने आपटला की हळूच लोळवला, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. आणि दोघेही मल्ल तासभर एकमेकांना ढुश्या देत राहिले तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. जत्रेतले प्रेक्षक शिट्या मारतात, इनाम वाटून जातं, पण हरला असं कुणाला म्हणत नाहीत.

ज्युदोही मुळात याच वळणाचा खेळ. जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ साली टोकियोतल्या एका देवळाच्या आवारात मूठभर विद्यार्थी घेऊन कोदोकान ही शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे प्रकार बाजूला ठेवून त्याने जे उरवलं ते ज्युदो. त्यातही विजय एकच, पूर्ण विजय. त्याला म्हणतात इप्पोन. शब्दशः अर्थ 'एक'. तलवारीचा एक वार अचूक बसला तर दुसरा मारावा लागत नाही, तसं एका फेकीत प्रकरण मिटलं पाहिजे, अशी त्यामागची कल्पना सांगतात.

पण कानोने इथे आपल्या चीतपटीहून एक निराळी गोष्ट केली. नुसती पाठ टेकणं त्याला पुरेसं वाटलं नाही. आजच्या नियमाप्रमाणे इप्पोन मिळायला चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. प्रतिस्पर्धी पाठीवर पडला पाहिजे, जोराने पडला पाहिजे, वेगाने पडला पाहिजे, आणि पडेपर्यंत त्याच्यावर फेकणाऱ्याचा ताबा राहिला पाहिजे. आपला धोबीपछाड डोळ्यांसमोर आणा. ज्युदोतला सेओइ-नागे त्याचाच सख्खा भाऊ. समोरच्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून पुढे फेकला, तो धाडकन् सपाट पाठीवर आला आणि त्याची बाही अजून तुमच्या मुठीत आहे, तर पंचाचा हात सरळ आभाळाकडे जातो. इप्पोन. लढत तिथेच संपते, मग घड्याळात साडेतीन मिनिटं शिल्लक असोत की दोन सेकंद.

यातलं एखादं उणं पडलं, म्हणजे पाठीवर आला पण वेग नव्हता, किंवा जोर होता पण तो कुशीवर पडला, तर पंच हात खांद्याच्या रेषेत बाजूला धरतो. ही वाझा-आरी. डाव होता, पण पुरता नव्हता, असा या शब्दाचा भाव. अशा दोन वाझा-आरी झाल्या की त्यांचा मिळून एक इप्पोन होतो आणि लढत संपते. मला हे आमच्या खात्यातल्या अर्ध्या दिवसाच्या रजेसारखं वाटलं. दोन अर्ध्यांची एक पूर्ण मांडतात. मात्र त्याहून हलक्या फेकीला जो युको मिळतो, त्याची अशी बेरीज होत नाही. दहा युको गोळा केले तरी ते एका वाझा-आरीला भारी ठरत नाहीत.

हा युको म्हणजे एक गंमतच आहे. तो आणि त्याच्याही खालचा कोका, असे दोन किरकोळ गुण आंतरराष्ट्रीय नियमांत १९७४ साली आले. कोका २००९ च्या सुमारास गेला. २०१७ मध्ये युकोही काढून टाकला. का, तर खेळाडू छोट्या गुणांवर आघाडी घेऊन उरलेला वेळ काढत बसतात, इप्पोनसाठी खेळत नाहीत. मग आठ वर्षांनी, २०२५ मध्ये, युको परत आला. ज्यांनी काढला त्यांनीच आणला. सरकारी परिपत्रकं काढणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

जमिनीवर दाबून धरण्याचाही हिशेब आहे. कुस्तीत पाठ क्षणभर टेकली तरी पुरतं. ज्युदोत पाठीवर आलेल्याला तिथे धरून ठेवावं लागतं. पंच 'ओसाएकोमि' म्हणाला की घड्याळ सुरू होतं. आजच्या नियमात वीस सेकंद धरलं तर इप्पोन, दहा सेकंदांवर वाझा-आरी, पाचांवर युको. पूर्वी इप्पोनला तीस सेकंद लागत. १९६४ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला, तेव्हा हॉलंडच्या धिप्पाड आंतोन गेसिंकने जपानच्या कामिनागाला त्याच्याच देशात असंच दाबून धरून हरवलं होतं, आणि अख्खं सभागृह सुन्न झालं होतं. शिवाय गळा आवळून किंवा कोपर ताणून शरण आणणं हाही इप्पोनच. शरण आलेला हाताने दोनदा थापटतो.

इथवर अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "हे ठीक. म्हणजे आपलीच कुस्ती, जरा मोजूनमापून. पण आमच्या पोरीला यातलं काहीच झालं नाही."

ते खरंच होतं. तिला ना इप्पोन बसला, ना वाझा-आरी. फलकावर तिच्या नावापुढे फक्त शिक्षेच्या खुणा होत्या.

ज्युदोतली हलकी शिक्षा म्हणजे शिडो. पंच खेळ थांबवतो, दोषी खेळाडूकडे तर्जनी दाखवतो आणि फलकावर एक खूण चढते. भाचीला हे समजावताना मी म्हटलं, शिडो म्हणजे आमचा मेमो. पहिला मेमो आला तर पगार कापला जात नाही. दुसरा आला तरी नाही. तसंच एक शिडो किंवा दोन शिडो यांनी समोरच्याला गुण मिळत नाही. पूर्वी मिळत असे. २०१२ पर्यंतच्या नियमात दुसऱ्या शिडोबरोबर प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात युको जमा व्हायचा. २०१३ पासून तो संबंध तोडला. आता तुमच्या नावावर दोन शिडो आणि एक वाझा-आरी असेल, समोरच्याच्या नावावर काहीच नसेल, तर वेळ संपल्यावर जिंकता तुम्हीच. पण तिसरा शिडो आला की त्याचं नाव बदलतं. तो हान्सोकु-माके, म्हणजे नियमभंगाने हार. आधी यासाठी चार शिडो लागत, २०१७ पासून तीन पुरतात. त्याचं वजन इप्पोनएवढंच. तुम्ही वाझा-आरीने पुढे असलात तरी तिसऱ्या मेमोला थेट घरी.

(एक खुलासा. गंभीर गुन्ह्याला, उदाहरणार्थ फेकताना स्वतःचं डोकं आधी गादीत खुपसण्याला, पहिल्याच खेपेला हान्सोकु-माके मिळतो. तीन शिडो साठून झालेली हार फक्त त्या लढतीपुरती असते. गंभीर वर्तनाने मिळालेल्या थेट शिक्षेत मात्र संपूर्ण स्पर्धेतून बाहेर जाण्याची वेळ येऊ शकते.)

शिडो कशाकशाला मिळतो याची यादी लांब आहे, आणि ती सगळी इथे देऊन मी तुम्हाला छळणार नाही. तिचं सूत्र एवढंच की न लढणाऱ्याला शिक्षा. जत्रेतली जी कुस्ती पंच बरोबरीत सोडवतात, ती ज्युदोच्या नियमांना सोडवायचीच नाही. ठरलेली चार मिनिटं संपली आणि गुण समान असले तर 'गोल्डन स्कोअर' नावाची जादा वेळ सुरू होते. तिला २०१३ पासून मर्यादाच नाही. कुणीतरी गुण मिळवेपर्यंत किंवा कुणाला तरी हान्सोकु-माके होईपर्यंत ती चालते. म्हणजे निकाल लागलाच पाहिजे, आणि निकाल लावायला डाव पुढे येत नसेल तर शिक्षा पुढे येते.

आता त्या मोबाईलवरच्या चार मिनिटांकडे वळू. भाची निळ्या पोशाखात, समोरची पांढऱ्या. लढत सुरू झाल्याबरोबर पांढरीने उजव्या हाताने गळपट्टी आणि डाव्याने बाही अशी पुरी पकड घेतली. भाचीने दोन्ही हात ताठ केले आणि ती मागे सरकू लागली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पंचाने 'मात्ते' म्हणून थांबवलं आणि तिच्याकडे बोट दाखवलं. पहिला शिडो, बचावात्मक खेळाबद्दल. बहिणीच्या मते हा अन्याय, "ती जपून खेळत होती रे." पण आवाज बंद करून पाहिलं तर स्पष्ट दिसतं. ताठ हात म्हणजे बंद दार. त्यातून ती स्वतः डाव मारू शकत नव्हती आणि दुसरीलाही मारू देत नव्हती.

दुसरा शिडो मिनिट-दीड मिनिटाने. पांढरीने पाय पुढे टाकला, फिरायला सुरुवात केली, आणि भाचीने विजेसारखा डावा हात खाली नेऊन तिची मांडी धरली. पंचाने लगेच थांबवलं. मी चित्र तिथेच गोठवलं आणि अप्पांना दाखवलं.

अप्पा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हा तर पट."

पटच होता. कुस्ती पाहणाऱ्या कुणालाही कळेल. आणि तो तिला अप्पांनीच शिकवला होता, ती सात-आठ वर्षांची असताना, याच घराच्या मागच्या अंगणात. ज्युदोच्या वर्गात दोन वर्षं शिकून तिच्या डोक्याने तो सोडला होता, हाताने सोडला नव्हता.

पट हा ज्युदोत गुन्हा कसा ठरला, ही या साऱ्यातली मला सर्वांत रोचक वाटलेली गोष्ट. तो काही पहिल्यापासून गुन्हा नव्हता. उलट जुन्या ज्युदोत पाय धरून पाडण्याचे नावाजलेले डाव होते. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य आशिया, काकेशस, मंगोलिया इथले खेळाडू आपापल्या देशी कुस्त्यांची विद्या घेऊन ज्युदोत शिरले. वाकून उभं राहायचं, पकड घेऊच द्यायची नाही, संधी मिळाली की झपकन् पाय ओढायचे. हे इतकं वाढलं की ज्युदो आणि कुस्ती यात फरक तो काय, असं लोक विचारू लागले. २०१० मध्ये पाय धरण्यावर कडक बंधनं आली आणि २०१३ पर्यंत उभ्याने खेळताना कंबरपट्ट्याच्या खाली हात नेणं पूर्ण बंद झालं. सुरुवातीला त्याला थेट हान्सोकु-माके होता, आता शिडोवर भागतं. त्यामुळे खेळ ताठ उभ्याने, सुंदर झाला हे खरं. पण ज्या देशांत पोरं आधी मातीत वाढतात, तिथल्यांचं एक शस्त्र म्यानात गेलं हेही तितकंच खरं. मला स्वतःला तो नियम थोडा घमेंडखोर वाटतो. अप्पांना तर वाटणारच.

आणखी एक नियम कुस्तीवाल्याला चकवतो. खांदे टेकू नयेत म्हणून मल्ल मान आणि टाचांवर कमान करून पूल बांधतो. मातीत त्याला टाळ्या पडतात. ज्युदोत फेक अंगावर येताना अशी कमान केली तर ती पाठीवर पडल्याच्याच हिशेबात धरून इप्पोन देतात. मानेचं हाड जाऊ नये म्हणून हे केलंय. यावर अप्पा काही बोलले नाहीत. त्यांच्या तालमीत मान मोडून घेतलेला एकजण त्यांना ठाऊक होता, हे मागाहून बहिणीकडून कळलं.

आणि तिसरा शिडो? चार मिनिटं संपून जादा वेळ सुरू झाली होती. भाचीला ठाऊक होतं की आपल्या नावावर दोन आहेत आणि समोरचीवर एक. आता मागे सरकलो तर गेलोच. म्हणून तिने घाईने वळून, दोन्ही गुडघे टेकून सेओइ-नागे मारला. पण बाहीवरची मूठ सुटलेली होती आणि पांढरी जराही हललेली नव्हती. भाची एकटीच गादीवर बसली. पंचाने थांबवलं आणि दोन्ही मुठी पुढे नेऊन खाली आणण्याची खूण केली. खोटा हल्ला. फेकायच्या इराद्याशिवाय, किंवा ज्यातून फेक होणं शक्यच नाही असा, नुसता लढतोय असं दाखवण्यासाठी मारलेला डाव. तिसरा शिडो. लढत संपली.

"पण मी खरंच मारला होता, मामा," भाची म्हणाली. "खोटा नव्हता."

मला तिचं म्हणणं पटतं. पण पंचाला मन दिसत नाही, त्याला फक्त तीन गोष्टी दिसतात. पकड होती का, समोरच्याचा तोल ढळला का, आणि डावाला फेकीची दिशा होती का. तिन्हींची उत्तरं नाही आली. तिच्या मास्तरांनीही तिला हेच सांगितलं होतं म्हणे, पण त्या दिवशी ऐकायची मनःस्थिती नव्हती.

मग मी तिला एक गोष्ट सांगितली. २९ जुलै २०२४, पॅरिस ऑलिंपिक, महिलांचा ५७ किलो गट, अंतिम लढत. एका बाजूला कॅनडाची क्रिस्टा देगुची, दुसरीकडे दक्षिण कोरियाची हुह मिमी. दोघीही जपानात जन्मलेल्या, तिथेच ज्युदो शिकलेल्या. चार मिनिटांत एकही गुण नाही. जादा वेळ लागली. शिडो चढत गेले, दोघींच्या नावावर दोन-दोन झाले. आता जिला बोट दाखवतील ती हरणार. हुह सतत वळून वळून हल्ले करत होती. त्यातला एक पंचाला खोटा वाटला. तिसरा शिडो. कॅनडाला ज्युदोतलं पहिलं सुवर्णपदक असं मिळालं, कुणीही कुणाला न फेकता.

त्यावर कोरियात गदारोळ झाला. जास्त हल्ले करणारीलाच खोट्या हल्ल्याची शिक्षा कशी, हा त्यांचा सवाल. जिंकलेल्या देगुचीलाही असा शेवट रुचला नव्हता. ज्युदोला काहीतरी बदलावं लागेल अशा अर्थाचं ती बोलली. पण यातली खरी गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी मे महिन्यात अबू धाबीला जागतिक स्पर्धेची अंतिम लढत झाली होती. याच दोघी. तीही जादा वेळेत गेली आणि तीही शिडोंवरच सुटली. फक्त तेव्हा हरली देगुची आणि विश्वविजेती ठरली हुह. जो नियम मे महिन्यात एकीला गोड लागला, तोच जुलैत कडू झाला.

युको परत आणण्यामागे पॅरिसच्या अशा निकालांचा हात असावा असं मला वाटतं. किरकोळ फेकीलाही काही दिलं तर लढती डावांवर सुटतील, बोटांवर नाही. त्याने उलट पूर्वीसारखी गुण राखत बसायची खोड परत येते का, ते आणखी काही वर्षांनी दिसेल.

नुसत्या शिक्षांचंच बोलत राहिलो तर चित्र एकांगी होईल. म्हणून भाचीला दुसरी एक लढतही दाखवली. ३ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धा, ७८ किलोवरचा गट. दिल्लीची आपली तूलिका मान अंतिम फेरीत स्कॉटलंडच्या सारा ॲडलिंग्टनशी लढत होती. तूलिकाने वाझा-आरी मिळवून आघाडी घेतली. आता वेळ संपेपर्यंत सांभाळलं तर सुवर्ण. पण ॲडलिंग्टनने तिला फेकलं आणि पंचाचा हात वर गेला. इप्पोन. आघाडी पुसली गेली, तूलिकाला रौप्य. हे पाहून अप्पांचे डोळे चमकले. "अस्सं पाहिजे," म्हणाले. आपलीच मुलगी हरली होती, तरी.

शेवटच्या रात्री जेवणं झाल्यावर मी अप्पांना खाशाबांचा विषय काढला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्यांचं नाव काढलं की निपाणीकडचा म्हातारा माणूस सरळ होऊन बसतो. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. वजनगट ५७ किलो. (आकडा ओळखीचा वाटला ना? योगायोग.) तिथे ते जपानच्या शोहाची इशीकडून हरले. चीतपट होऊन नव्हे, निकालावर. पाठोपाठ पुरेशी विश्रांती न घेता त्यांना सोव्हिएत मल्ल मामेदबेकोवशी लढायला उभं केलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास मिळायला हवा असा नियम होता, पण तो सांगायला त्यांच्या बाजूने तिथे कुणी अधिकारीच हजर नव्हता. तीही लढत गेली.

हे सगळं अप्पांना पाठ होतं. त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की सुवर्ण जिंकलेला हा इशी मुळात ज्युदोवाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकनांच्या अंमलाखाली जपानात ज्युदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. ज्युदोचं दार बंद झालं नसतं तर हेलसिंकीच्या त्या गादीवर खाशाबांसमोर दुसरंच कुणीतरी उभं राहिलं असतं.

अप्पा गप्प झाले. झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती. आत भाची बहिणीशी दुसऱ्या दिवशीच्या वर्गाच्या वेळेवरून वाद घालत होती, म्हणजे ती जाणार होती.

"खाशाबांना नियम ठाऊक होता," अप्पा शेवटी म्हणाले, "सांगणारा नव्हता. आमच्या पोरीला सांगणारा आहे, आणि तिला पट शिकवणारा मी आहे." थोडा वेळ गेला. मग त्यांनी तिला हाक मारली. ती बाहेर आली, तर तिला समोर उभं करून, स्वतः झोपाळ्यावरून न उठता, म्हणाले, "धर माझी बाही. आता मी पाय पुढे टाकतो. हात खाली नेशील तर बघ."

सकाळी सहाच्या बसने मी निघालो. धारवाड मागे पडेपर्यंत पाऊस सुरू झाला होता.